छत्री, रेनकोट आणि पावसाच्या हिशेबानं आखलेलं वर्ष : बेळगाव भागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या बाजारात फुटपाथवर बसून मी छत्र्या दुरुस्त करतो. आधी वडील बसायचे, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून मी काड्या निवडायला शिकलो. पुढचे प्रश्न गिऱ्हाईक रोज विचारतात, आणि काही प्रश्न या कामात पडू पाहणारी तरुण पोरं विचारतात. उत्तरं हातानं केलेल्या कामातून आलेली आहेत.

छत्री दुरुस्तीला कधी आणावी?

रोहिणी लागल्या की, म्हणजे २५ मेच्या सुमारास. लोक पहिला पाऊस पडल्यावर माळ्यावरची छत्री काढतात, आणि त्याच दिवशी माझ्यापुढं गर्दी होते. त्या दिवशी आणलेली छत्री मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी देतो. मे महिन्यात आणली तर बसल्या जागी करून मिळते.

आपल्याकडं याला आणखी एक कारण आहे. कर्नाटकातल्या शाळा मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. पलीकडं चंदगड, गडहिंग्लजला महाराष्ट्राचं वेळापत्रक, तिथल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळं माझ्याकडं पोरांच्या छत्र्या आणि रेनकोट यांच्या दोन लाटा येतात. पहिली बेळगाव-खानापूरची, दुसरी पंधरा दिवसांनी सीमेपलीकडून बाजाराला येणाऱ्यांची. मधले चार-पाच दिवस जरा मोकळे असतात. मोठ्यांनी आपली छत्री त्या दिवसांत आणावी.

छत्री दुरुस्त होण्यासारखी आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

आधी दांडा बघा. छत्री मिटवा आणि दांडा डोळ्यांपुढं बंदुकीसारखा धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नजर टाका. लांब छत्रीचा दांडा थोडा वाकला असेल तर सरळ होतो. घडीच्या छत्रीचा दांडा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पत्र्याच्या नळ्या असतात. त्यातल्या एकीला पोचा आला असेल तर आतली नळी तिथं अडणारच. पोचा काढायला गेलं की नळी फाटते. अशी छत्री मी परत देतो, किंवा काड्यांसाठी थोडे पैसे देऊन ठेवून घेतो.

दांडा चांगला असेल तर उरलेलं जवळजवळ सगळं होतं. काडी मोडलेली, तार तुटलेली, टोकाची टोपी हरवलेली, कापड काडीवरून सुटलेलं, मूठ निघालेली, हे सगळं दुरुस्त होतं. कापड मात्र उजेडाकडं धरून बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके सगळीकडं दिसत असतील तर कापड संपलं. त्यावर ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

छत्री उघडली आणि सगळ्या काड्या एकदम लोंबल्या. छत्री गेली का?

नाही. बहुतेक वेळा एकच तार तुटलेली असते. सगळ्यात जास्त हेच काम माझ्याकडं येतं, आणि छत्री कचऱ्यात टाकली जाते तीही बहुतेक याच कारणानं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

छत्रीत दोन ठिकाणी बारीक तारेची कडी असते. एक अगदी वर, कापडाच्या टोकाखाली. तिथं आठही मुख्य काड्यांची डोकी एका खाचांच्या चकतीत बसवून तारेनं बांधलेली असतात. दुसरी खाली, दांड्यावर वर-खाली सरकणाऱ्या नळीवर. तिथं आधाराच्या काड्या बांधलेल्या असतात. पावसाचं पाणी दांड्यावरून ओघळून याच खाचांत साठतं. छत्री ओली मिटवून ठेवली की तार आतून गंजते आणि पुढच्या वर्षी पहिल्याच वाऱ्यात तुटते. खालची तार तुटली तर काड्या लोंबतात. वरची तुटली तर छत्रीचा शेंडा सैल होऊन एका बाजूला कलतो.

दुरुस्ती अशी. छत्री उलटी धरून जुन्या तारेचे तुकडे चोचीच्या पकडीनं काढायचे. प्रत्येक काडीच्या डोक्याला भोक असतं, त्यातला गंज जाड सुईनं साफ करायचा. मग आधाराच्या काड्या गोलाकार, ओळीनं लावून घ्यायच्या. एक काडी दुसरीवर चढली तर छत्री उघडेल, पण कापडाला पीळ पडेल आणि महिनाभरात शिवण उसवेल. ओळ नीट लागली की नवी जस्ती तार मणी ओवावेत तशी आठही भोकांतून ओवायची, तारेची कडी नळीच्या खाचेत बसवायची आणि प्रत्येक डोकं आपापल्या फटीत गेलंय का, ते बोटानं चाचपायचं. मग तार ओढून तीन-चार पीळ द्यायचे, उरलेली कापायची आणि पिळाचं टोक आत दाबून टाकायचं. ते बाहेर राहिलं तर कापडही फाडतं आणि बोटही.

तारेचा ताण किती, हे हाताला कळायला दिवस लागतात. जास्त घट्ट झाली तर काड्या हलत नाहीत आणि छत्री मिटताना अडखळते. सैल राहिली तर एखादं डोकं फटीतून उडी मारून बाहेर येतं. तपासायला मी छत्री दहा वेळा उघडतो-मिटतो. दहाव्या वेळीही पहिल्याइतकीच सहज मिटली तर काम झालं. तांब्याची तार वापरू नका. ती मऊ असते, ओढ बसली की लांबते.

एखादी काडी मोडली तर काय करता?

कुठं मोडली त्यावर आहे. आमच्याकडं कन्नड गिऱ्हाईकही तेवढंच येतं. ते छत्री पुढं करून ‘कड्डी मुरदैती’ म्हणतात, म्हणजे काडी मोडली आहे. मी विचारतो, सांध्यावर की मधे?

लोखंडी काडी आडवी कापून बघितली तर पन्हळीसारखी दिसते. मधे मोडली असेल तर जुन्या छत्रीच्या तशाच काडीचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा कापून मोडलेल्या जागी बसवतो. पन्हळीत पन्हळ बसते. दोन्ही बाजूंना तारेचे वेढे देऊन पकडीनं दाबलं की काडी पुन्हा ताण घेते. हाताचं हाड मोडल्यावर फळी बांधतात, तसाच हा प्रकार.

सांध्यावर मोडली तर ही पट्टी चालत नाही, कारण तिथं काडीला वळावं लागतं. तिथं काडीच बदलावी लागते. मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका शिक्षिकेनं तीन घड्यांची छत्री आणली होती. चोर्ला घाटाकडून आलेल्या वाऱ्यानं ती उलटली होती, आणि सरळ करायला त्यांनी एकेक काडी ओढली होती. दोन काड्या मोडल्या होत्या, एक मधे आणि एक सांध्यावर. तीन टोप्या हरवल्या होत्या. मधल्या काडीला पट्टी बांधली, त्याला दहा मिनिटं लागली. सांध्यावरच्या काडीसाठी आधी कापडाचे टाके सोडले, दोन्ही तारा उघडल्या, काडी काढून भंगारातल्या छत्र्यांमधून तिच्याच मापाची शोधली. माप अर्ध्या बोटानं चुकलं तरी तेवढ्या पाकळीचं कापड एकतर ढिलं पडतं, नाहीतर ताणून फाटतं. पहिली काडी लांबीला बरोबर निघाली, पण तिचा सांधा दोन धाग्यांएवढा वर होता. ती बाजूला ठेवली. तिसरी बसली. मग तारा, मग कापडाचे टाके, शेवटी टोप्या. सगळं मिळून पाऊण तास गेला आणि मी नव्वद रुपये घेतले. तशी नवी छत्री बाजारात साडेतीनशेला होती.

छत्री उलटली तर काड्या ओढू नका. वाऱ्याकडं पाठ करा आणि सरकती नळी हळूहळू खाली घेऊन छत्री मिटवा. बहुतेक वेळा ती आपोआप सरळ होते.

हल्ली फायबरच्या काड्या येतात. त्या वाऱ्यात वाकून परत सरळ होतात, म्हणून चांगल्या. पण मोडताना उभ्या चिरतात आणि त्यांचे कुसळासारखे तुकडे बोटात शिरतात. त्यांना पट्टी धरत नाही, काडीच बदलायची.

बटणानं उघडणारी छत्री घरी खोलून बघू का?

बघू नका. दांड्यात दाबून बसवलेली स्प्रिंग असते. मूठ सोडवली की ती सुटून तोंडावर येते. मी स्वतः हे काम दांडा भिंतीकडं तोंड करून, डोळ्यांना चष्मा लावून करतो.

काड्या ठीक आहेत, पण छत्री गळते. कापड बदलावं लागेल का?

आधी कुठून गळते ते शोधा. छत्री उघडून उलटी धरा, म्हणजे ती वाटीसारखी होते. एका पाकळीत पेलाभर पाणी ओता आणि खालून बघत राहा. जिथं थेंब धरतो तिथं खडूनं खूण करा. आठही पाकळ्या अशाच तपासा.

थेंब शिवणीवर असेल तर काम सोपं आहे. शिवणीच्या भोकांतून पाणी येतं. शिवणीवर आतून मेणबत्ती घासून, वर कागद ठेवून कोमट इस्त्री लांबूनच फिरवली की मेण भोकांत उतरतं. एवढ्यावर एक पावसाळा निघतो. थेंब शेंड्याजवळ असेल तर वरच्या टोपीखालची कापडी चकती कुजली आहे. ती बदलायची, पाच मिनिटांचं काम. पाकळीच्या मधोमध सगळीकडून पाझरत असेल तर आतला चंदेरी किंवा काळा लेप निघून गेला आहे. त्याला उपाय नाही. काड्या चांगल्या असतील तर नवं कापड चढवावं, नाहीतर छत्री उन्हासाठी ठेवावी.

टाके घालायला सुती दोरा वापरू नका. ओलाव्यानं तो कुजतो. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा घेऊन मेणावरून ओढायचा, म्हणजे तो पाणी पीत नाही आणि गाठही सुटत नाही.

रेनकोट फाटला आहे. शिवून मिळेल का?

शिवला तर तो जास्त गळेल, कारण सुईचं प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं. प्लास्टिकच्या जाड रेनकोटला आतून ठिगळ चिकटवावं लागतं. ठिगळ त्याच जातीच्या प्लास्टिकचं हवं, आणि गोल हवं. चौकोनी ठिगळाचे कोपरे पहिल्यांदा सुटतात. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन या प्लास्टिकवर टिकत नाही, दोन दिवसांत ठिगळ हातात येतं. प्लास्टिकसाठी वेगळं चिकटद्रव्य मिळतं, तेच वापरायचं आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. नायलॉनचा पातळ रेनकोट शिवता येतो, पण शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते.

टिचबटण निघालं असेल तर नुसतं नवं ठोकून उपयोग नाही. मागं जाड कापडाचा तुकडा धरूनच ठोकायचं, नाहीतर पुढच्या वेळी बटण कापडासकट निघतं. चेनचं मात्र बहुतेक वेळा नुसतं रनर बदलून भागतं.

नक्षत्रांवर विश्वास ठेवायचा की हवामान खात्यावर?

मी दोन्ही बघतो, पण दोन वेगळ्या कामांसाठी.

नक्षत्रं म्हणजे कामाचं कॅलेंडर. त्यांच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या असतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि सप्टेंबरच्या शेवटाला हस्त. कोणत्या नक्षत्रात माझं कोणतं काम असतं, हे मला पाठ आहे. मृगात पोरांच्या छत्र्या आणि तारा. तरण्या पावसात वाऱ्यानं मोडलेल्या काड्या. म्हाताऱ्या पावसात झड लागते, लोक घराबाहेर पडत नाहीत आणि मी दिवसभर भंगार छत्र्या सोडवत बसतो. पण पाऊस त्या तारखेला येईलच, हे नक्षत्र सांगत नाही. २०२३ साली मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, आपल्याकडं मृग कोरडा गेला. २०२५ साली तो २४ मेलाच केरळात उतरला, म्हणजे रोहिणी लागायच्या आधी.

पैसे गुंतवायचे तेव्हा मी हवामान खात्याचा अंदाज बघतो. एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज येतो, मेअखेर सुधारलेला. हे अंदाज सगळ्या देशाचे आणि त्याच्या मोठमोठ्या भागांचे असतात, त्यावरून आपल्या पेठेचा माल ठरवू नये. आपल्याला उपयोगी पडतो तो केरळात पाऊस पोचल्याची बातमी. तिथून आपल्याकडं यायला साधारण आठवडा लागतो, कधी तो मधे अडकतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. हवामान खातं बेळगावला ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात धरतं. त्या विभागात विजापूर, रायचूरसारखे कोरडे जिल्हेही आहेत. विभागासाठी ‘तुरळक पाऊस’ लिहिलेलं असतं आणि घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत मात्र धो धो चालू असतं. म्हणून खानापूर-जांबोटीच्या बाजूसाठी मी गोव्याचा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्याचाही इशारा वाचतो. तिथं नारंगी रंग असेल तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं मोडक्या काड्या येतात.

एकाच जिल्ह्यात पावसाचा एवढा फरक? त्याचा धंद्याला काय उपयोग?

माझं वर्ष या फरकावरच उभं आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. समुद्रावरून आलेले ढग तिथं अडतात आणि कणकुंबी, जांबोटी, खानापूरच्या रानात रिकामे होतात. बेळगाव शहराला त्यातलं बरंच मिळतं. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडं जाताना पाऊस झपाट्यानं कमी होतो, कारण तो भाग डोंगराच्या पावसाच्या छायेत येतो. पण तिकडं जो पाऊस पडतो त्यातला मोठा वाटा सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो, परतीच्या ढगांतून, संध्याकाळी, कडाडून.

म्हणजे पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकतो, आणि मी त्याच्या मागं जातो. जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा बेळगावात. मधे बाजाराच्या दिवशी खानापूर. भाताची नट्टी, म्हणजे लावणी, चालू असते तेव्हा खेड्यातल्या बायका छत्री वापरत नाहीत, दोन्ही हात चिखलात असतात. त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ असते, पूर्वी इरलं किंवा घोंगडं असायचं. त्या दिवसांत खेड्यात छत्रीचं काम मिळत नाही, नट्टी संपून बाजाराला गर्दी झाली की मिळतं. गणपतीच्या आधी शहरात पुन्हा एक आठवडा बरा जातो, लोक खरेदीला बाहेर पडतात. गणपती झाले की मी पेटी उचलून बसनं गोकाक-रायबागच्या बाजारांना जातो. बेळगावात तेव्हा काम ओसरलेलं असतं, तिकडं मात्र लोकांनी छत्र्या नुकत्याच काढलेल्या असतात. वडील हे करत नव्हते. त्यांचा हंगाम गणपतीला संपायचा. मला त्यामुळं चार-पाच आठवडे जास्त मिळतात.

हे काम सुरू करायचं तर किती भांडवल लागेल?

हत्यारं थोडी लागतात. चोचीची पकड, तार कापायचा कटर, लहान हातोडी, ठोकायला लोखंडाचा ठोकळा, सुया, आरी, मेण. चांगली घेतली तर दीड हजारात येतात आणि अनेक वर्षं टिकतात. त्यावर जस्ती तार, दोरा, टोप्या, रिबिटं, रनर.

पण खरा माल म्हणजे भंगार छत्र्या. पन्नासेक मोडक्या छत्र्या हाताशी असल्याशिवाय बसू नका. काडी बदलायची तर मापाची काडी हवी, आणि ती कुठल्या दुकानात सुटी मिळेल याचा भरवसा नसतो. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत लोक छत्र्या टाकतात, तेव्हा त्या वजनावर स्वस्तात मिळतात. जूनमध्ये त्याच छत्रीचे तो दुप्पट मागतो.

जागेचं म्हणाल तर २०१४ च्या फेरीवाल्यांच्या कायद्यात वस्तू विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेही धरले आहेत. त्यामुळं दुरुस्ती करणाऱ्यालाही महापालिकेकडून प्रमाणपत्र मागता येतं. ते काम हिवाळ्यात करावं. पावसात चकरा मारायला वेळ नसतो.

माल कधी भरायचा? पाऊस लांबला तर?

इथं मी एकदा चांगलाच फसलो. २०२३ च्या एप्रिलमध्ये एका व्यापाऱ्यानं लेपाचं कापड उधारीवर स्वस्त देतो म्हणून सांगितलं. मी दोन पावसाळे पुरेल एवढं घेतलं. जून कोरडा गेला. जुलैत जोराचा पाऊस झाला, पण ऑगस्ट पुन्हा कोरडा. १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. कापड निम्म्याहून जास्त उरलं. पुढच्या एप्रिलमध्ये गठ्ठा उघडला तर उन्हाळ्याच्या उकाड्यानं लेप एकमेकांना चिकटला होता. ओढलं की सोलून यायचा. उधारी मात्र पूर्ण फेडावी लागली.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: लोखंड आधी, कापड नंतर. काड्या, तार, स्प्रिंगा, मुठी कोरड्या जागी चार वर्षं पडून राहिल्या तरी काही होत नाही. त्या दिवाळीपासून मार्चपर्यंत स्वस्त मिळतील तशा घेतो. लेपाचं कापड, रेनकोटचं प्लास्टिक आणि चिकटद्रव्य यांना मुदत असते. त्यातलं तीन आठवड्यांपुरतं मेअखेरीला आणि बाकीचं पाऊस खरंच बसल्यावर. तेव्हा भाव थोडा जास्त पडतो, पण पडून राहत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा हंगामासाठी हातात आठ हजार आहेत. तीन हजार हिवाळ्यात काड्या आणि भंगारात घाला. दोन हजार मेमध्ये तार, दोरा, टोप्या, रनर आणि थोडं कापड यात. तीन हजार हातात ठेवा. मृगात पाऊस आला तर ते कापडात जातील आणि पंधरा दिवसांत परत येतील. नाही आला तर त्यावर घर चालवा. वाऱ्यापावसाच्या धंद्यात सगळे पैसे मालात घातले आणि मृग कोरडा गेला, की जूनचं किराणा उधारीवर आणावं लागतं.

जोडीला भाजलेली कणसं विकली तर?

चांगली जोडी आहे, माझा धाकटा भाऊ करतो. छत्रीचं काम सकाळी आणि दुपारी असतं, कणसाचं गिऱ्हाईक संध्याकाळी पाचनंतर. कणसाला रिमझिम लागते. मुसळधार लागला तर कोळसाही पेटत नाही आणि माणूसही थांबत नाही. पूर्ण उघडीप असेल तरी खप निम्मा. किल्ला तलावाच्या बाजूला शनिवार-रविवारी चांगलं चालतं.

कणीस ओळखायचं असं: वरचं पान हिरवं, पण शेंडीचे केस तपकिरी होऊन वाळलेले. पान थोडं बाजूला करून दाण्यात नख दाबा. दूध आलं तर घ्या. पाणी आलं तर कोवळं, काहीच आलं नाही तर जून, ते भाजल्यावर दातांत अडकतं. पेरल्यापासून सत्तरेक दिवसांनी कणीस या स्थितीला येतं. म्हणून जूनच्या पावसावर पेरलेल्या मक्याची कणसं ऑगस्टअखेरीला मिळतात, आणि जून-जुलैत विकायची ती एप्रिलमध्ये पाण्यावर केलेल्या पिकाची. त्या शेतकऱ्याशी एप्रिलमध्येच बोलून ठेवावं लागतं. कणीस तोडल्यावर त्याची गोडी तासातासाला उतरते, म्हणून रोजचं रोज आणायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी उकडून खपवतो, भाजून नाही.

पावसाळा नसेल तेव्हा काय करता?

बॅगांच्या चेन, कुलपं, चाव्या. लग्नसराईच्या आधी बॅगांचं काम बरंच येतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी भंगार छत्र्या सोडवतो. काड्या मापानं वेगळ्या करून सुतळीनं गड्ड्या बांधतो, गंजलेल्या घासून घेतो, सांध्यांना शिलाई मशीनचं तेल लावून पुसतो. वळिवाचा पहिला पाऊस झाला की त्या संध्याकाळी दोन-चार छत्र्या येतातच. त्यावरून मला कळतं की यंदा कुठल्या मापाच्या काड्या कमी पडणार आहेत.

पावसाळा संपल्यावर छत्री कशी ठेवायची?

स्वातीचा पाऊस होऊन जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माळ्यावर टाकू नका. मग छत्री उघडून दिवसभर सावलीत ठेवा. उन्हात नको, लेप तडकतो. दांडा आणि सरकती नळी कोरड्या फडक्यानं पुसा. दोन्ही तारांच्या खाचांत आणि सांध्यांवर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडून लगेच पुसून घ्या, कापडाला लागलं तर डाग जात नाही. पट्टा न आवळता सैल मिटवा, म्हणजे घड्यांवर लेप फुटत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत राहिलेला ओलावा बाहेर निघत नाही. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून खुंटीला टांगा. मेमध्ये काढाल तेव्हा आधी ती घरातच दहा वेळा उघडून-मिटवून बघा. कुठं अडली किंवा करकरली, तर त्याच आठवड्यात घेऊन या.